कागदाला सांगितलेला निरोप

डॉ. कुसुमलता छाजेड यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं ते कानांमुळे. जळगावच्या बळीराम पेठेतल्या त्या दोन खोल्यांत त्यांनी उभं आयुष्य स्टेथोस्कोप लावून लोकांची छाती ऐकली होती. आता सत्तरी ओलांडल्यावर बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. कानाला यंत्र लावून पाहिलं, आवाज मोठा करणारा नवा स्टेथोस्कोप आणून पाहिला. एका दुपारी एका म्हाताऱ्या शिक्षकाला तपासून त्यांनी "फुप्फुसं स्वच्छ आहेत" असं सांगितलं आणि एक्स-रेत निमोनिया निघाला. माणूस बरा झाला, तक्रारही केली नाही. पण त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉ. मनन राकाला फोन लावला.

मनन त्यांच्या हाताखाली शिकून गेलेला. रिंग रोडवर त्याचं स्वतःचं हॉस्पिटल होतं. तिथे लॅब होती, हृदयाची सोनोग्राफी होती, आणि सगळं काम संगणकावर चालायचं. "माझे पेशंट घेशील का?" असं बाईंनी विचारलं.

"घेईन, मॅडम. पण ते माझ्याकडे येतील का, ते बघा."

"येतील. मी लिहून लावते ना."

सूचनेचा मसुदा मननच्या ऑफिसमधूनच आला. बाईंनी तो वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि सविताला छापून आणायला सांगितलं. सविता त्यांच्या दवाखान्यात नंबर लावायची, फाइली काढून द्यायची. लग्न होऊन जळगावात आली तेव्हापासून ती इथेच होती.

"सर्व रुग्णांस कळविण्यात येते की," असं त्या कागदावर होतं, "प्रकृतीच्या कारणास्तव हा दवाखाना एकतीस मार्चनंतर कायमस्वरूपी बंद होत आहे. रुग्णांची पुढील देखभाल डॉ. मनन राका यांच्या हॉस्पिटलमध्ये केली जाईल. आपले वैद्यकीय रेकॉर्ड सुरक्षित असून, आपल्या संमतीनंतर ते तेथे हस्तांतरित करण्यात येईल. संमतीसाठी नोंदणीकृत मोबाइलवर संदेश पाठविला जाईल. ज्यांना रेकॉर्डची प्रत हवी असेल त्यांनी दवाखान्यात लेखी अर्ज करावा. उर्वरित रेकॉर्ड नियमानुसार जतन केले जाईल." खाली बाईंची सही आणि दवाखान्याचा फोन नंबर.

एक कागद दारावर लागला, एक आत बाकांच्या वरच्या भिंतीवर. वर्तमानपत्रातही चौकट दिली. महिनाभर लोक येत राहिले, कागद वाचत राहिले. कुणी पाया पडलं, कुणी नारळ आणला. बाई सगळ्यांना म्हणायच्या, "तिथे लिहिलंय सगळं. वाचा. मनन माझ्यापेक्षा हुशार आहे." याच्यापुढे त्या काही सांगायच्या नाहीत. सविताला ते जाणवत होतं. एखादा रुग्ण रडू लागला, की बाई पटकन पुढचा नंबर बोलवायला सांगत.

एकतीस मार्चला संध्याकाळी शटर खाली ओढलं. फाइली आवरायला सविता महिनाभर सकाळी येणार होती, तेवढ्यापुरतं मागचं दार उघडं राहायचं.

एप्रिलच्या मध्यावर मनन सहज भेटायला बाईंच्या घरी आला. उन्हाने सगळं गाव दुपारी घरात बसलेलं. पंख्याखाली ताक पिता पिता बाईंनी एकेकाची चौकशी केली. कासार आले का? आले. ती दम्याची मुलगी? तिची आई घेऊन आली. मग बाईंनी विचारलं, "रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवरचे सगळे आले ना? असोद्याची केसरबाई सोनवणे?"

मननने मोबाइलवर पाहिलं. "त्यांची संमती आलेली नाही, मॅडम."

"संमती नाही, म्हणजे?"

"मेसेज गेला होता. उत्तर आलं नाही. उत्तर येईपर्यंत फाइल आमच्याकडे उघडत नाही. ते बरोबरच आहे. कुणाचीही माहिती त्याला न विचारता आम्ही कशी पाहायची?"

"बरोबर आहे. पण ती आली होती का?"

"ते मला इथून दिसणार नाही. काउंटरला विचारावं लागेल."

बाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. केसरबाईच्या हृदयात धातूची झडप होती. तरुणपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने मूळची झडप खराब झाली, म्हणून मुंबईत ऑपरेशन करून ती बसवली होती. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तिला रोज एक गोळी घ्यावी लागे, आणि ती गोळी कमी पडते की जास्त होते हे पाहायला दर महिन्याला रक्त तपासावं लागे. आकडा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राहिला पाहिजे. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. गेल्या कित्येक वर्षांत केसरबाईने एकही महिना चुकवला नव्हता. त्या हिशोबाने तिची तपासणी एप्रिलच्या सुरुवातीलाच व्हायला हवी होती.

बाईंनी सविताला फोन करून केसरबाईचा नोंदवलेला नंबर मागितला आणि स्वतः लावला. फोन एका पुरुषाने उचलला.

"मी जीवन सोनवणे. धुळ्याहून. आपण?"

जीवन केसरबाईचा मुलगा. देवपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. आईची फाइल काढली तेव्हा तो घरीच राहायचा, म्हणून त्याचा नंबर तिथे लिहिलेला.

"जीवन, तुझ्या मोबाइलवर हॉस्पिटलचा मेसेज आला होता का? संमतीचा?"

"आला होता, मॅडम. इंग्रजीत होता. लिंक दाबा, नंबर सांगा, असं काहीतरी. आमच्या कॉलेजातल्या एका सरांचे असंच लिंक दाबून पैसे गेले. मी तो पुसून टाकला." मग त्याचा आवाज बदलला. "का? आईला काय झालं?"

"काही झालं असं नाही. आईला फोन लाव, मी लगेच तिकडे निघते."

"आईकडे मोबाइल नाही. आबांकडे आहे, पण गिरणीच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही. मी लावत राहतो."

बाईंनी मननकडे पाहिलं. त्याने आधीच गाडीची किल्ली हातात घेतली होती. पण त्याचे पेशंट वाट पाहत होते. बाई म्हणाल्या, "तू हॉस्पिटलला जा. मी तिला घेऊन येते. लॅबवाल्याला थांबवून ठेव." मग सविताला बोलावून त्या दोघी रिक्षाने असोद्याला निघाल्या.

दोन्ही बाजूंना केळीचे मळे, आणि रस्त्यावर उन्हाची झळ. रिक्षात सविता म्हणाली, "मॅडम, केसरबाई मागच्या महिन्यात आल्या होत्या तेव्हा मी त्यांना सूचना वाचून दाखवली होती. त्या म्हणाल्या, समजलं."

"मलाही ती वाचून समजलंच होतं ना," बाई म्हणाल्या.

केसरबाई आणि तिचा नवरा आधार सोनवणे यांची पिठाची गिरणी गावाच्या तोंडाशीच होती. आधारभाऊ जात्यापाशी उभे, अंगभर पीठ. बाहेरच्या ओट्यावर केसरबाई गिऱ्हाइकांचे डबे ओळीने लावत होती. बाईंना पाहून ती उठली. तिचं माहेर साक्रीकडचं. इतकी वर्षं असोद्यात राहूनही ती बोलायची ती अहिराणीच.

"या माय, बठा. आज इकडे कशी काय येणं व्हयनं?"

बाई बसल्या नाहीत. त्यांनी केसरबाईचा हात हातात घेतला. मनगटाच्या वर एक मोठा निळा-जांभळा डाग होता. कोपराजवळ दुसरा.

"हे कशाने?"

"डबा लागना व्हई. माले बी याद नही."

"तोंड उघडा."

हिरड्यांच्या कडेला रक्त साकळलेलं होतं. पदराच्या टोकालाही तांबूस डाग होते. "दात घासताना येतं का?"

केसरबाईने मान डोलावली. "कालपाशी. नाकमाईन बी उनं थोडं."

"गोळी रोज घेताय?"

"रोज. एक दिन बी नही चुकनी." तिने हे अभिमानाने सांगितलं.

"आणि मध्ये दुसरं काही औषध? ताप, खोकला, पोट?"

पोट बिघडलं होतं. ताप, जुलाब. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं. ती रिकामी पाकिटं अजून खिडकीत होती. बाईंनी चष्मा पुसून नाव वाचलं. तिच्या रोजच्या गोळीचा जोर वाढवणारं औषध होतं ते. असं औषध देताना रक्त तपासून गोळी कमी करायची असते. एरवी केसरबाई आधी आधारभाऊंना बाईंकडे फोन लावायला सांगायची आणि मगच दुसरं औषध घ्यायची. या वेळी फोन कुणाला करायचा?

"तुम्ही तपासायला का नाही गेलात, केसरबाई? मननच्या हॉस्पिटलला?"

"मी गयथू ना," केसरबाई म्हणाली. "तारखेले गयथू."

दोघीजणी तिच्याकडे पाहत राहिल्या. तिने सांगितलं ते असं. ती रिक्षा करून रिंग रोडला गेली. काचेचं दार आपोआप उघडलं. काउंटरवरच्या पोरीने तिला बसवलं, पाणीही दिलं. मग म्हणाली, आजी, तुमची फाइल अजून आलेली नाही, मोबाइलवर एक नंबर येईल तो सांगा. मोबाइल जीवनकडे, आणि जीवन धुळ्याला. पोर म्हणाली, मग मुलाला घेऊन या. केसरबाईला वाटलं, मोठ्या जागेची रीतच तशी असेल. जीवन सुट्टीला आला की जाऊ. तिने पोरीचे आभार मानले आणि ती घरी आली.

"तिने रक्त घेतलं नाही?"

"मी मांगं नही. फाइल नही, तर रक्त कशाले लेतीन?"

"जीवनला सांगितलं नाहीत?"

"तो घाबरस, माय. नेहमीनं काम शे ते, म्हनीसन ऱ्हाऊ दिधं. आनि तुमना कागदवर व्हतं, रेकॉर्ड सुरक्षित शे. बठ्ठं सुरक्षित, तर घाई काय?"

सविताने मान खाली घातली. केसरबाईने पदर नीट केला आणि अगदी साध्या आवाजात, रागावण्याचा लवलेश नसताना म्हणाली, "खरं सांगू का डॉक्टरबाई? तुम्ही कागदले सांगं. माले नही सांगं."

मागे गिरणी घरघरत होती. बाईंच्या कानाच्या यंत्रात तो आवाज फारच मोठा येत होता, तरी हे वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"आत्ता चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आणि आजची गोळी घ्यायची नाही."

आधारभाऊंनी गिरणी बंद केली. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. जीवन कधीपासून लावत होता. बाईंनी त्याच्याशी बोलून घेतलं. तो म्हणाला, मिळेल त्या बसने निघतो.

हॉस्पिटलच्या दारातच मनन उभा होता. त्याने केसरबाईला स्वतः आत नेलं. काउंटरवरची मुलगी, रूपाली तिचं नाव, केसरबाईला ओळखून पुढे आली आणि मग तिच्या हातावरचे डाग पाहून जागीच थबकली. तिच्याकडे कुणी रागाने पाहिलं नाही. तिला जे शिकवलं होतं तेच तिने केलं होतं.

रक्त घेतलं. निकाल यायला वेळ लागला नाही. आकडा सातच्या वर होता.

मनन बाईंच्या कानाशी वाकून हळू बोलला, मग त्यांना ऐकू येत नाही हे लक्षात येऊन जरा मोठ्याने. "डोकं दुखत नाही, उलटी नाही, शौचाला काळं नाही. गोळी थांबवतो. व्हिटॅमिन के अगदी थोडं, तोंडाने. जास्त दिलं तर आकडा एकदम खाली येईल आणि झडपेला धोका."

"आणि रात्रभर इथेच ठेव."

"ठेवतो. उद्या सकाळी पुन्हा तपासू. आकडा खाली आला की गोळी परत सुरू करायची, फार दिवस बंद ठेवता येणार नाही."

"मीही हेच केलं असतं," बाई म्हणाल्या. मननला तेवढ्याने बरं वाटलेलं दिसलं.

केसरबाईला खाट मिळाली. तिला हे सगळं जरा जास्तच वाटत होतं. हिरड्यांतून थोडं रक्त आलं तर एवढी धावपळ. तिने नर्सला विचारलं, इथे चहा मिळतो का. मिळाला.

संध्याकाळी जीवन धुळ्याहून पोचला. एस.टी.तून उतरून तो तसाच आला होता, पाठीला कॉलेजची बॅग. आईच्या खाटेपाशी उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मीच तो मेसेज पुसला," तो बाईंना म्हणाला. "एकदा आईला फोन करून विचारलं असतं तरी..."

"अनोळखी लिंक दाबू नका, नंबर सांगू नका, असं सगळेच सांगतात. तू तेच ऐकलंस. चुकीचं काही केलं नाहीस."

"मग चुकलं कुणाचं, मॅडम?"

तो भांडायला विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मनन बाजूला उभा होता, तो म्हणाला, "संमतीशिवाय फाइल उघडली असती तर तेही चूकच ठरलं असतं."

"फाइलचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण मनन, माणूस तपासायला फाइल लागत नाही. ती तुझ्या दारात उभी होती. कुठली गोळी घेता, शेवटची तपासणी कधी झाली, एवढं तोंडी विचारून रक्त घेता आलं असतं. आणि मोबाइल नसेल तर कागदावर सही चालते, अंगठा चालतो. हे रूपालीला कुणी सांगितलं होतं का?"

मनन म्हणाला, "नाही. मी सांगितलं नाही."

"मीही नाही सांगितलं. मी सूचना लावली आणि सुटले." बाई खाटेच्या कडेला बसल्या. "मला एकेकाला समोर बसवून सांगायचं नव्हतं, जीवन. सांगायला गेले असते तर मला रडू आलं असतं. म्हणून मी म्हणत राहिले, तिथे लिहिलंय, वाचा. चुकलं असेल तर ते इथे चुकलं."

केसरबाई पडल्या पडल्या ऐकत होती. तिने हात लांब करून बाईंच्या गुडघ्यावर ठेवला.

थोड्या वेळाने बाईंनी सविताला विचारलं, संमती न आलेले अजून किती आहेत. मननच्या ऑफिसने आकडा काढून दिला. तो ऐकून बाईंनी डोळे मिटले. पावणेदोनशेच्या आसपास माणसं होती. काहींनी मुद्दामच दुसरा डॉक्टर पाहिला असेल, काहींना आता औषधच लागत नसेल. पण काही केसरबाईसारखी सुट्टीची वाट पाहत असणार.

"नवीन सूचना लिहू," बाई म्हणाल्या. "इथेच. सविता, कागद घे. केसरबाई, तुम्ही ऐका. नाही समजलं तर तिथेच थांबवा."

केसरबाई उठून उशीला टेकली. तिला या कामात मजा वाटायला लागली होती.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. "रुग्णांची पुढील देखभाल..."

"देखभाल म्हंजे काय करतीन?" केसरबाईने विचारलं.

बाई थांबल्या. "तपासणं, औषध देणं."

"मंग तसं ल्हिवा."

सविताने खोडलं. पुढे हस्तांतरण शब्द आला, तोही गेला. "नोंदणीकृत मोबाइल" आला तेव्हा जीवन म्हणाला, "इथे लिहा, फाइल काढताना जो नंबर दिला होता तो. आणि हा मेसेज खरा आहे, कुणाच्या नावाने येईल तेही लिहा. तरी शंका आली तर लिंक दाबू नका, दवाखान्यात येऊन विचारा." मननने ते मान्य केलं, आणि यापुढे मेसेज मराठीत जाईल असंही सांगितलं. केसरबाईने असंही सुचवलं की नव्या डॉक्टरचा फोटो छापावा, म्हणजे लोकांना कळेल तो किती तरुण आहे. मनन लाजला. फोटो छापायचा नाही असं ठरलं.

कागद तयार झाला तो असा:

"हा दवाखाना बंद झाला आहे. मला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तपासणं थांबवलं आहे. यापुढे तपासणी आणि औषधांसाठी रिंग रोडवर डॉ. मनन राका यांच्याकडे जा. तुमची तारीख आली की जा. फाइल पोचली की नाही याची वाट पाहू नका. कुणी बोलावायला येणार नाही. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.

"तुमची फाइल तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणालाही दिली जाणार नाही. फाइल काढताना दिलेल्या नंबरवर डॉ. राका यांच्या हॉस्पिटलच्या नावाने मेसेज येईल. मोबाइल नसेल, नंबर बदलला असेल किंवा मेसेजची शंका आली, तर काहीच दाबू नका. इथे किंवा तिथे येऊन कागदावर सही करा, अंगठाही चालेल. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर तुमच्या फाइलची प्रत सविताकडे मागा, तीन दिवसांत मिळेल. मागितली नाही तरी फाइल टाकली जाणार नाही. निदान तीन वर्षं ती माझ्याकडे जपून ठेवली जाईल.

"रक्त पातळ ठेवणारी गोळी, फिटची गोळी, इन्सुलिन किंवा टीबीचं औषध चालू असेल तर एकही दिवस थांबू नका, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका."

सविताने पूर्ण वाचून दाखवला. केसरबाईने विचार केला आणि म्हणाली, "समजनं." मग जरा थांबून, "पन आनखी एक. तुम्ही कोठे भेटशात, ते नही ल्हिवं."

"मी आता तपासत नाही ना, केसरबाई."

"तपासाले नही म्हनत मी."

बाईंनी सविताच्या हातातून पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "एप्रिल आणि मे महिन्यात रोज सकाळी मी दवाखान्याच्या ओट्यावर बसेन. तपासणार नाही. विचारायचं असेल ते विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाईचा आकडा चारच्या खाली आला होता. हिरड्यांचं रक्त थांबलं. मननने गोळी थोड्या कमी मात्रेत पुन्हा सुरू केली, चार दिवसांनी परत तपासायला बोलावलं आणि नवीन कार्डावर मोठ्या अक्षरात तारीख घातली. संमतीच्या कागदावर केसरबाईने सही केली. ती सही करायला शिकलेली होती आणि ती तिने सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढून केली. फाइलवर आता आधारभाऊंचा नंबर लिहिला गेला, खाली जीवनचा.

नवीन सूचना शटरवर लागली. रूपालीच्या काउंटरवरही एक लागली. सविता आणि रूपाली दोघींनी मिळून दुपारच्या वेळी उरलेल्यांना फोन लावले. कुणाचा नंबर बंद, कुणी दुसरीकडे जात होतं, एक गृहस्थ मागच्या वर्षीच वारले होते आणि त्यांच्या सुनेला फोनवर रडू आलं. फिटच्या गोळ्या संपल्या म्हणून घरीच बसलेला एक मुलगा सापडला. मननने त्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं. काही जणांचा पत्ताच लागला नाही. ती नावं बाईंनी सविताकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली, पण त्याला इलाज नव्हता.

बाई रोज सकाळी ओट्यावर बसू लागल्या. दोन बाक बाहेर काढले. लोक यायचे, बंद शटरकडे पाहायचे, मग बाईंकडे. आता त्या "वाचा" म्हणत नसत. "बसा," म्हणत. मग सांगत, की मला ऐकू येत नाही, तुमच्या छातीतलं मला कळत नाही, म्हणून मी थांबले. हे वाक्य पहिल्या दिवशी फार जड गेलं. कासार समोर बसले होते, त्यांना सांगताना बाईंचा आवाज फुटला. कासारांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि म्हणाले, "अक्का, आम्हालाही बरंच काही येईनासं झालंय." दोघं बराच वेळ बसून राहिले. नंतरच्या दिवसांत ते सोपं झालं. कुणी रडलं तर बाई रडू द्यायच्या. लोकांना मुख्य म्हणजे एवढंच विचारायचं असायचं, की तिकडे जाऊ ना, तो डॉक्टर चांगला आहे ना. बाई सांगायच्या, चांगला आहे, मी त्याला ओळखते, न पटलं तर तोंडावर सांगा, तो ऐकून घेतो.

मेच्या अखेरीस एकदा सविताचा फोन आला. फाइलींचं काम संपल्यावर मननने तिला हॉस्पिटलात घेतलं होतं. नव्याने आलेल्यांना कुठे जायचं ते सांगायचं, कागद भरून द्यायचे, असं काम.

"मॅडम, केसरबाई येऊन गेल्या. आकडा तीन आला. सर म्हणाले, मस्त."

"बरं झालं. काय म्हणाल्या?"

"काही नाही. सरांशीच बोलत होत्या. ही गोळी चालू असताना भाजी कुठली खायची, विचारत होत्या. सर सांगत होते, त्या मध्येच त्यांना थांबवून पुन्हा विचारत होत्या."

"माझी चौकशी केली का?"

सविता घुटमळली. "नाही, मॅडम. घाईत होत्या. लग्नसराई आहे, गिरणीवर डबे साठलेत म्हणाल्या."

"असू दे, असू दे," बाई म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. मग उठून त्यांनी माठातलं पाणी घेतलं आणि कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्या दुपारी त्यांना छान झोप लागली.